खोल श्वास घेतल्यावर उलट जास्त भीती का वाटते? परीक्षेच्या ताणावरच्या व्हिडिओची दुरुस्त संहिता

मी गोव्यात डिचोली आणि सत्तरी भागातल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. दरवर्षी प्रीलिमच्या सुमारास मुलांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. वर्गात परीक्षेच्या ताणावरचा व्हिडिओ दाखवलेला असतो. त्यात ‘डोळे मिटा, खोल खोल श्वास घ्या’ असं सांगितलेलं असतं आणि मुलांनी ते मनापासून केलेलं असतं. पण प्रत्यक्ष पेपर हातात पडल्यावर तेच केलं की डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, धडधड थांबायच्या ऐवजी वाढते. ‘टीचर, श्वास घेतला तर आणखीच भीती वाटली,’ असं मूल सांगतं आणि पुढे हळूच म्हणतं, ‘माझंच काहीतरी बिघडलंय.’

मुलाचं काही बिघडलेलं नसतं. बिघाड असतो सूचनेत. म्हणून आधी कारण सांगते, मग दुरुस्त केलेली पूर्ण संहिता देते. शाळा, पालक-शिक्षक संघ किंवा बारावीची मुलं, कुणालाही ती मोबाईलवर चित्रित करता येईल.

घाबरलेला माणूस आधीच जोरात आणि भराभर श्वास घेत असतो. त्याला ‘खोल घे’ म्हटलं की तो खांदे वर उचलून, तोंड उघडून आणखी मोठा श्वास घेतो आणि पटकन सोडतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा खाली जातो. तो खाली गेला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात त्याही यामुळेच. गंमत म्हणजे अशा वेळी ‘हवा पुरत नाही’ असं वाटतं. प्राणवायू भरपूर असतो, तरीही मूल आणखी श्वास ओढतं आणि चक्र चालू राहतं. हे धोक्याचं नसतं, पण परीक्षेच्या बाकावर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला ते कोण सांगणार?

उपाय श्वासाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात आणि घेताना थोडे वाढतात. निरोगी माणसात हे सतत चालू असतं. म्हणून श्वास मोठा न करता सोडण्याचा वेळ लांबवायचा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. आत घेतलेला श्वास नेहमीएवढाच, पोट किंचित हलेल इतकाच.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीतली मुलगी, गणितात चांगली. पहिल्या प्रीलिमला पहिला प्रश्न वाचला आणि तो घरी अनेकदा सोडवलेला असूनही पुढची पायरी सुचेना. तिने व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून श्वास घेतले, तर बाक फिरल्यासारखं वाटलं. पाणी प्यायला बाहेर गेली, परत आली, पेपर उलटा ठेवून बसली. अर्धा तास गेला. घरी येऊन आईला म्हणाली, ‘माझा अभ्यासच झाला नाही.’ आईने बिचारीने शिकवणी वाढवली.

माझ्याकडे आल्यावर मी तिला उपाय सांगायच्या आधी म्हटलं, ‘तू तिथे कसा श्वास घेतलास तो करून दाखव.’ तिने दाखवला. खांदे कानांपर्यंत, तोंड उघडं, आत घेताना आवाज, आणि सोडणं म्हणजे एक झटका. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजलं तेव्हा वेग मिनिटाला पंचवीसच्या पुढे जात होता. शांत बसलेल्या मोठ्या मुलांत तो साधारण बारा ते वीस असतो. आणि तेवढ्यात ती म्हणालीच, ‘आताही बोटं सुन्न होतायत.’ तिला आता दिसलं की लक्षणं श्वासाच्या पद्धतीतून येतायत. त्या क्षणी तिचा चेहरा सैल झाला.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. चार-सहाचा श्वास रोज संध्याकाळी तीन मिनिटं. आणि आठवड्याभराने तोच श्वास, पण शाळेचे दोन जिने भराभर चढून आल्यावर, धडधडत असताना, जुन्या प्रश्नपत्रिकेसमोर. हा दुसरा भाग बहुतेक व्हिडिओंत नसतो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा आहे. घरी आडवं पडून शिकलेली गोष्ट धडधडत्या छातीने करता येईलच असं नाही. धडधडत असतानाच सराव झालेला असला की पेपरच्या वेळी शरीराला ती ओळखीची वाटते.

दुसऱ्या प्रीलिमला धडधड झाली. हात गार पडले. तिने सहा श्वास घेतले, पहिला प्रश्न सोडला, मागच्या पानावरचा सोपा प्रश्न आधी सोडवला आणि मग पहिल्याकडे आली. धडधड पूर्ण गेली नव्हती, तरी पेपर लिहून झाला. या उपायाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. भीती शून्यावर आणणारा श्वास नसतो, आणि तसं वचन देणारा व्हिडिओ पेपरच्या दिवशी मुलाला खोटा ठरतो.

आता संहिता. एकूण तीन मिनिटं पन्नास सेकंद. बोलणारी व्यक्ती शाळेतलीच, अकरावी-बारावीची असेल तर उत्तम. भाषा घरची ठेवा. आपल्याकडची पुष्कळ मुलं पेपर इंग्रजीतून लिहितात, पण घाबरतात ती मराठीत आणि कोंकणीत. मागे उदास पियानो नको, समुद्रावरचा सूर्यास्त नको. वर्गातला पंख्याचा आवाज चालेल, कारण परीक्षेच्या दिवशी तोच ऐकू येणार आहे.

सुरुवात ते ०:३०. *वर्गातलं बाक. बोलणारी व्यक्ती कॅमेऱ्याकडे बघते.*

‘पेपर हातात आला. पहिला प्रश्न वाचला. काल रात्री हाच केला होता, पण आता काहीच आठवत नाही. छाती धडधडते, हात गार पडतात. असं तुला झालंय? मलाही झालंय. केलेला अभ्यास पुसला गेलेला नसतो. शरीर घाबरलेलं असलं की तो लगेच हाताशी येत नाही, थोड्या वेळाने येतो. तेवढा वेळ कसा काढायचा, ते आपण आता करून बघूया.’

०:३० ते २:०५. *पाय जमिनीवर टेकलेले दिसतात. मग चेहरा आणि खांदे. पडद्यावर फक्त आकडे.*

‘दोन्ही पाय जमिनीवर ठेव. टाचा दाब. पाठ टेकव. डोळे उघडेच राहू देत. आता आधी श्वास सोड. हो, आधी सोडायचा. आता नाकातून हळू आत घे, नेहमीएवढाच, मोठा नको. एक, दोन, तीन, चार. आता ओठ थोडे मिटून सोड, गरम पेजेवर फुंकर घालावी तसा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा.’

*असे सहा श्वास प्रत्यक्ष घ्या. हा भाग कापू नका, वेग वाढवू नका.*

‘गरगरलं किंवा श्वासाकडे लक्ष दिल्यावर जास्त घाबरायला झालं, तर मोजणं सोडून दे. श्वास आपोआप चालू दे. टाचा जमिनीला लागतायत त्या जाणवतात का बघ. बाकाची कड हाताला कशी लागते बघ. समोर दिसणाऱ्या तीन वस्तूंची नावं मनात घे.’

२:०५ ते २:३०. *हात पेन उचलतो, पान उलटतं.*

‘आता पेन उचल. अडलेला प्रश्न तसाच राहू दे. सगळ्यांत सोपा शोध आणि त्याची पहिली ओळ लिही. सूत्र, व्याख्या, आकृतीचं नाव, काहीही. हात लिहायला लागला की पुढचं सुचायला लागतं. धडधड चालू असली तरी लिहिता येतं.’

२:३० ते ३:३५. *पुन्हा चेहरा. आवाज तोच, हळू नाही, गंभीर नाही. १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत येतो आणि शेवटपर्यंत राहतो.*

‘हे झालं पेपरच्या भीतीसाठी. पण दोन आठवडे झाले आणि जवळजवळ रोज झोप लागत नाही, जेवण जात नाही, रडू येतं, शाळेत जायला पाय उचलत नाही किंवा आवडणारं काहीच आवडत नाही, तर ते श्वासाने जाणार नाही. या आठवड्यातच एका मोठ्या माणसाला सांग. आई, बाबा, आजी, टीचर, समुपदेशक, कुणीही. असं सांग: “मला बरेच दिवस बरं वाटत नाही. फक्त अभ्यासाचं नाही. मला मदत हवी.” त्यांनी “सगळ्यांना होतं” म्हणून सोडून दिलं, तर दुसऱ्या माणसाला सांग.

मरून जावंसं वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा केली असेल, तर उद्यावर टाकू नकोस. आत्ताच मोठ्या माणसाजवळ जा. एकटं राहू नकोस. १४४१६ ला फोन कर. ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा १०८. आणि मित्र किंवा मैत्रीण तुझ्याशी असं काही बोलली, तर ते गुपित ठेवायचं नाही. मोठ्या माणसाला सांगायचं.’

३:३५ ते ३:५०. *आवाज नाही. पडद्यावर १४४१६ आणि त्याखाली शाळेच्या समुपदेशकाला कधी, कुठे भेटता येईल ते. पंधरा सेकंद स्थिर, म्हणजे स्क्रीनशॉट घेता येईल.*

एवढं करूनही अडचणी येतात, त्या ओळखायच्या कशा ते सांगते.

तरीही गरगरतंय, असं मूल म्हणालं तर पुन्हा करून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा सोडणं लांबलेलं असतं, पण घेणंही मोठं झालेलं असतं. तळहात पोटावर ठेवून ‘एवढासाच’ असा सराव करून घ्यावा. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार करावं. सोडणं घेण्यापेक्षा लांब, एवढं सांभाळलं की पुरे. श्वास रोखून धरायला लावणारे प्रकार मी मुलांना देत नाही, घाबरलेल्या मुलाला ते गुदमरल्यासारखं होतं. आणि तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय कुणी सुचवला तर करू देऊ नका. ते खरोखर दम्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर त्याने प्राणवायू आणखी कमी पडतो.

दम्याचं मूल घरघर करत असेल, श्वास सोडायला त्रास होत असेल, तर तिथे हा व्हिडिओ लागू नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेला इनहेलर द्यायचा, आणि तो बाकावर जवळ ठेवायची परवानगी शाळेने परीक्षेच्या आधीच मिळवून ठेवायची. मूल बेशुद्ध पडलं, व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा ओठ निळसर झाले, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून थांबू नका, इस्पितळात न्या.

काही मुलांचा श्वास बरोबर असतो, तरी पेपर लिहून होत नाही. तिथे मी आधी झोप विचारते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा वाचलेलं पक्कं बसायचं बरंचसं काम झोपेतच होतं. पहाटे तीनपर्यंत कॉफी पिऊन वाचलेल्या मुलाची छाती सकाळी धडधडते ती थोडी कॉफीनेही धडधडते. यावर व्हिडिओ नको, घरातला दिवा वेळेवर बंद व्हायला हवा.

आता मदतीच्या भागाबद्दल. अनेक व्हिडिओंमध्ये तो शेवटी बारीक अक्षरांत असतो: ‘गरज वाटल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्या’. मुलं तोपर्यंत व्हिडिओ बंद करून गेलेली असतात आणि राहिलेल्यांना ‘गरज’ म्हणजे केव्हा ते कळत नाही. म्हणून संहितेत तो आवाजात आहे, त्याला पूर्ण मिनिट आहे आणि त्यात दोनच पायऱ्या आहेत. दोन आठवड्यांचा त्रास असेल तर या आठवड्यात. मरणाचा किंवा इजेचा विचार असेल तर आत्ता.

‘मरावंसं वाटतं का’ असं मुलांसमोर उघड बोललं तर त्यांच्या डोक्यात तो विचार घुसेल, अशी भीती शिक्षकांना आणि पालकांना वाटते. तसं होत नाही. थेट, शांतपणे विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट आधीच तो विचार घेऊन बसलेल्या मुलाला बोलायला वाट मिळते. मात्र व्हिडिओत पद्धतींचा उल्लेख नको, कुणाच्या मृत्यूची गोष्ट नको, बातमीचं कात्रण नको, आणि ‘मार्क कमी पडले म्हणून’ असं एकच कारण जोडणं तर नकोच.

मूल माझ्याकडे येतं तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘घरी सांगणार नाही ना?’ याचं उत्तर आधीच खरं द्यावं. तू सांगितलेलं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जीवाला धोका आहे असं वाटलं तर मी घरच्यांना सांगेन, आणि तुला सांगून सांगेन. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन नंतर मोडलं की ते मूल पुन्हा कुणाकडे जात नाही.

पुढे कुठे जायचं, हे पालकांना माहीत नसतं. गावातल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं तरी ते पुढे पाठवतात. म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ आहे, आणि बांबोळीला मानसोपचाराची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. बांबोळीचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते, ‘लोक काय म्हणतील’ सुरू होतं. मी पालकांना सांगते, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप लागत नाही म्हणून आलेली माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं, घरी यायचं. अनेकांना बोलण्याचेच उपचार पुरतात. गोळ्या लागल्याच तर का आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मूल अठराच्या आतलं असल्याने उपचाराला पालकांची संमती लागते, तेव्हा कुणीतरी घरचं सोबत जावं.

इजेची भाषा केलेल्या मुलाला भेटीची तारीख मिळेपर्यंत एकटं ठेवू नये. घरातली औषधं, शेतावरची कीटकनाशकं कुलपात ठेवावीत. रागावू नये, शपथा घालू नयेत. शेजारी बसून राहणं पुरतं.

व्हिडिओ दाखवायची वेळही चुकते. प्रवेशपत्रं वाटायच्या दिवशी दाखवला तर सरावाला वेळच उरत नाही. प्रीलिमच्या किमान तीन आठवडे आधी दाखवा, त्या दिवशी सहा श्वास सगळ्या वर्गाने एकदा बसून आणि एकदा जिना चढून आल्यावर करा. शेवटच्या तासाला दाखवू नका, कारण घंटा झाली की मुलं बालरथाच्या बसमध्ये बसून निघून जातात आणि ज्याला काही सांगायचं आहे त्याला कुणी भेटत नाही. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला दाखवा, आणि सुट्टीभर समुपदेशक किंवा मुलांचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे एक शिक्षक ठरलेल्या खोलीत, दार लोटून, पण कुलूप न लावता बसलेले असू देत. खोली कुठली ते व्हिडिओनंतर वर्गात मोठ्याने सांगा. कुणी आलं तर पहिली काही मिनिटं सल्ला देऊ नका. ‘केव्हापासून होतंय?’ एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. दोन आठवड्यांची रेषा ओलांडली आहे का, आणि मरणाचा विचार आहे का, या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्या मुलाला वर्गात परत पाठवू नका.